फुप्फुसांना वंश कोणी दिला?

वंश ही निसर्गाने पाडलेली विभागणी नाही, ती माणसांच्या समाजाने रचलेली आहे, असं म्हटलं की चांगली शिकलेली माणसंही लगेच अडवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: समतेची भावना ठीक आहे, पण आकड्यांना भावना नसतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांची सरासरी मोजा, फरक दिसतोच. फरक शरीरात दिसतो, म्हणजे कारणही शरीरात आहे. आणि शरीर घडवतात ती जनुकं. या युक्तिवादाला मोघम उत्तर देऊन चालत नाही. म्हणून त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा घेतो, तो म्हणजे फुप्फुसांची क्षमता मोजणारं यंत्र, स्पायरोमीटर.

ही तपासणी साधी आहे. नाकाला चिमटा लावतात, नळी ओठांत घट्ट धरायची, छातीभर श्वास घ्यायचा आणि जोराने, शेवटपर्यंत फुंकायचं. बाहेर आलेली हवा लिटरमध्ये मोजली जाते. पण नुसत्या लिटरांवरून काही कळत नाही. यंत्र त्या आकड्याची तुलना ‘अपेक्षित’ आकड्याशी करतं आणि ही अपेक्षा वय, उंची व लिंग यांवरून ठरते. त्यात कित्येक दशकं आणखी एक गोष्ट धरली जात होती, ती म्हणजे वंश. अमेरिकेत काळ्या माणसासाठी अपेक्षा सरसकट १० ते १५ टक्क्यांनी खाली आणली जाई आणि आशियाई माणसासाठी सुमारे ४ ते ६ टक्क्यांनी.

याचा अर्थ एका उदाहरणात पाहू. एका गिरणीतले दोन कामगार घ्या, दोघेही पंचेचाळिशीचे, उंची सारखी. गोऱ्याची अपेक्षित क्षमता ५ लिटर धरली आहे. दोघांनीही ३.९ लिटर हवा फुंकली. गोऱ्याची क्षमता अपेक्षेच्या ७८ टक्के निघते. जुन्या प्रचलित नियमाप्रमाणे ८० टक्क्यांखाली आकडा गेला की फुप्फुसात दोष असल्याची शंका घ्यायची, त्यामुळे त्याची पुढची तपासणी होते, कदाचित भरपाईही मिळते. काळ्याची अपेक्षा १२ टक्क्यांनी कमी करून ४.४ लिटर केलेली आहे. त्याची तीच ३.९ लिटर हवा ८९ टक्क्यांच्या आसपास जाते. अहवालावर लिहिलं जातं: सामान्य. दोघांनी तीच धूळ श्वासात घेतलेली असते. अमेरिकेत १९७८ मध्ये कापसाच्या धुळीपासून कामगारांना वाचवण्यासाठी जो सरकारी नियम झाला, त्यातही काळ्या कामगारांचा अपेक्षित आकडा ०.८५ ने गुणायला सांगितलेलं होतं. १९९९ मध्ये बाल्टिमोरच्या ॲस्बेस्टॉस खटल्यांत तर एका उत्पादक कंपनीने उघडच मागणी केली, की काळ्या कामगारांनी दावा करायचा तर त्यांच्या फुप्फुसांची हानी गोऱ्यांपेक्षा जास्त दिसली पाहिजे.

प्रतिपक्ष म्हणेल, दुरुपयोग झाला असेल, पण सरासरीतला फरक खरा आहे ना? आहे. तो मी नाकारत नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या फरकाचं कारण ‘वंश’ असं कोणी आणि कशावरून ठरवलं.

हे यंत्र प्रचारात आणलं लंडनच्या जॉन हचिन्सनने, १८४६ मध्ये. त्याने दोन हजारांहून अधिक माणसं मोजली आणि त्यांची मांडणी मुख्यतः व्यवसायांप्रमाणे केली: खलाशी, पोलीस, आग विझवणारे, कंगाल, सभ्य गृहस्थ. इंग्लंडला त्या काळी वर्गाची चिंता होती, म्हणून यंत्राने वर्ग दाखवले. पाचच वर्षांनी, १८५१ मध्ये, लुइझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने काळ्यांची फुप्फुसं गोऱ्यांच्या मानाने २० टक्क्यांनी कमी भरतात असं जाहीर केलं आणि त्यावरून निष्कर्ष काढला की सक्तीचं कष्टाचं काम त्यांच्या प्रकृतीला हितकारक आहे. गुलाम पळून जातो तो एका मानसिक रोगामुळे, असं सांगणारा डॉक्टर हाच. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८६९ मध्ये, बेंजामिन गूल्डने सैनिकांची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांतही काळ्यांचे आकडे कमी आले. यांतली बरीच माणसं नुकतीच गुलामीतून सुटलेली होती. ती काय खाऊन वाढली, कुठे झोपली, लहानपणी किती वेळा न्यूमोनियाने आजारी पडली, यांपैकी एकही गोष्ट हिशेबात धरली गेली नाही. पुढच्या पिढ्यांनी गूल्डचे आकडे उद्धृत केले, त्या माणसांची परिस्थिती मात्र मागेच राहिली. अभ्यासक लंडी ब्राउन यांनी सहकाऱ्यांसह या विषयावरचे २२६ शोधनिबंध तपासले. त्यांतल्या बहुतेकांनी वंश म्हणजे काय हे सांगितलेलं नव्हतं आणि वंशासोबत गरिबीचा प्रभावही तपासलेला नव्हता.

आणि फुप्फुस हा तर परिस्थितीची नोंद ठेवणारा अवयव आहे. त्याची वाढ गर्भात सुरू होते आणि विशीच्या आसपास थांबते. जन्माचं वजन कमी असेल, बालपणी छातीचे आजार झाले असतील, घरात चुलीचा धूर असेल, घर मोठ्या रस्त्याला लागून असेल, तर ही वाढ खुंटते आणि नंतर भरून निघत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात हजारो मुलांच्या फुप्फुसांचं वर्षानुवर्षं मोजमाप झालं. २००४ मध्ये दिसलं की प्रदूषित वस्त्यांतल्या मुलांची वाढ अठराव्या वर्षापर्यंत मागे पडते. २०१५ मध्ये त्याहून महत्त्वाचं दिसलं: हवा स्वच्छ होत गेली तशी नंतरच्या मुलांची फुप्फुसं अधिक वाढली. तेवढ्या काळात कोणाची जनुकं बदलत नाहीत.

आता प्रतिपक्षाच्या दोन भारी आक्षेपांकडे वळतो, कारण ते टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. पहिला आक्षेप धडाच्या लांबीचा. एकाच उंचीच्या माणसांत काहींचे पाय लांब असतात, धड आखूड. अमेरिकेतल्या काळ्यांमध्ये सरासरीने असं आढळतं आणि फुप्फुसातल्या फरकाचा काही भाग त्यातून समजतो. बरोबर आहे. पण मग बसलेली उंची मोजा! त्याला एक टेप आणि एक स्टूल पुरतं. धडाची लांबी मोजता येत असताना कातडीच्या रंगावरून तिचा अंदाज बांधायचा, याला शास्त्र म्हणत नाहीत. दुसरा आक्षेप २०१० च्या एका संशोधनाचा. स्वतःला काळे म्हणवणाऱ्यांमध्येही जनुकीय चाचणीनुसार आफ्रिकी पूर्वजांचा वाटा जितका जास्त, तितकी फुप्फुसाची क्षमता कमी, असं त्यात आढळलं. हे संशोधन गंभीर आहे. पण अमेरिकेत तो वाटा वाढतो तसा सहसा कातडीचा रंगही गडद होतो, आणि गडद रंगाबरोबर वस्ती, पगार, शाळा, अपमान हे सगळं बदलतं. दोन गोष्टी सोबत चालतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. शिवाय त्याच संशोधनातून हेही निघतं की ‘काळा’ या एका शिक्क्याखाली फार वेगवेगळी वंशावळ असलेली माणसं कोंबलेली आहेत. म्हणजे तो शिक्का जीवशास्त्र म्हणूनही कुचकामी आहे.

जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिनने १९७२ मध्ये दाखवलं की माणसामाणसांतल्या जनुकीय भिन्नतेपैकी सुमारे ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच असते. प्रचलित वंशांच्या मध्ये असते ती जेमतेम ६ टक्के. एडवर्ड्स या संख्याशास्त्रज्ञाने २००३ मध्ये त्यावर हरकत घेतली: अनेक जनुकं एकत्र पाहिली तर माणूस कोणत्या खंडातला हे ओळखता येतं. येतं. पण पूर्वज कुठले हे ओळखणं वेगळं आणि कोणाची फुप्फुसं लहान का हे समजणं वेगळं. पहिल्याचं उत्तर हातात आलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही.

सिकलसेलचा दाखलाही नेहमी दिला जातो: तो ‘काळ्यांचा आजार’. गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये काम केलेल्या कोणत्याही डॉक्टरला हे वाक्य चुकीचं वाटेल. गोंड, भिल्ल, परधान, महार कुटुंबांत हा आजार आहे. ग्रीसच्या काही भागांत आणि अरबस्तानातही आहे. उलट दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत तो जवळपास सापडत नाही. त्या जनुकाचा माग मलेरियाच्या प्रदेशांतून जातो, कातडीच्या रंगातून नाही.

मग वंश खोटा आहे का? नाही, आणि माझं मूळ म्हणणं इथून सुरू होतं. वंश हे समाजाने केलेलं काम आहे, आणि ते काम होताना कागदोपत्री पाहता येतं. नोव्हेंबर १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला नागरिकत्व नाकारलं. कारण दिलं, गोरा म्हणजे कॉकेशियन आणि जपानी कॉकेशियन नव्हेत. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड त्याच न्यायालयापुढे होते. जन्म पंजाबातला, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेली. तेव्हाचं मानववंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणत होतं. ओझावाचा निकाल लिहिणाऱ्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी आता निकाल दिला की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. कित्येक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्व त्यानंतर रद्द झालं. तिथल्या जनगणनेत १९२० ते १९४० पर्यंत भारतीयांचा वंश ‘हिंदू’ होता, मग मुसलमान आणि शीखही त्यातच. १९७० मध्ये ते गोरे झाले, १९८० मध्ये आशियाई. त्या काळात तिकडे राहिलेल्या मराठी माणसाची फुप्फुसं यातल्या कोणत्या रकान्याप्रमाणे मोजायची?

हे रकाने कागदावर थांबत नाहीत. कोणाला घर कुठे मिळेल, कारखान्यातलं सर्वांत धुळीचं काम कोणाकडे जाईल, हे त्यांनी ठरवलं, आणि ते अंगात उतरलं. म्हणून फरक शरीरात दिसतो. वंशभेद शरीर घडवतो. आपण मात्र घडलेलं शरीर दाखवून वंशाला निसर्गाचा दाखला देतो.

२०२२ मध्ये वंश न धरणारी नवी समीकरणं तयार झाली आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या छातीविकार तज्ज्ञांच्या संघटनेने तीच वापरण्याची शिफारस केली. याने सगळं सुटत नाही. आकडा बदलला की भरपाई मिळणारे काळे रुग्ण वाढतात, पण कर्करोगाची शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणून ती नाकारले जाणारेही वाढू शकतात. त्यामुळे आकड्याच्या एका रेषेवर निर्णय न सोपवता त्या माणसाचे मागचे अहवाल, लक्षणं, त्याचं काम, त्याची वस्ती हे पाहावं लागेल.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी जवळचा आहे. २०१२ च्या जागतिक समीकरणांत भारतीयांसाठी गटच नव्हता. आपण ‘इतर’ मध्ये. आपल्या अनेक प्रयोगशाळांत युरोपीय माणसाच्या ९० टक्के क्षमता म्हणजे भारतीयाची पूर्ण क्षमता, अशी रीत रुळली होती. ‘आपली फुप्फुसं मुळातच लहान’ हे वाक्य त्या रीतीतून येतं. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मोजलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. इतक्या कमी वजनाने जन्मलेलं आणि चुलीच्या धुरात वाढलेलं मूल मोठं झाल्यावर कमी हवा फुंकत असेल, तर तो आकडा ‘भारतीयांसाठी सामान्य’ म्हणून छापताना आपण एका आजाराची नोंद पुसत असतो. स्पायरोमेट्रीच्या अहवालात कोणतं समीकरण वापरलं याची नोंद सहसा असते. दगडखाणीत किंवा जिनिंगमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या हाती ‘सामान्य’ असा शेरा पडला, तर त्याच्या डॉक्टरने आधी ती ओळ वाचावी आणि गुणक काढून टाकून आकडा पुन्हा मांडून पाहावा.