पुष्कराज घेण्याआधी पडताळा द्या : गुरुजींना खुले पत्र आणि जातकांना तातडीचे आवाहन

ज्यांच्या घरात मुलाच्या किंवा मुलीच्या लग्नाचे भाकीत कागदावर लिहून ठेवलेले आहे, त्यातली मुदत उलटून गेली आहे आणि आता त्यावर उपाय म्हणून खडा किंवा शांत सांगितली गेली आहे, अशा सर्वांनी पुढचे पत्र पैसे देण्याआधी वाचावे. पत्र आमच्या गुरुजींना आहे. त्यांचे नाव आणि गाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. वाचल्यावर त्यांना ते कळेल, इतरांना कळायची गरज नाही.

आदरणीय गुरुजी, सा. न. वि. वि.

मुलाची पत्रिका तुम्ही पाहिलीत तेव्हा मी एक हट्ट धरला होता, की जे सांगाल ते लिहून द्या. बहुतेक ज्योतिषी हे टाळतात. तुम्ही टाळले नाहीत, आणि म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहावेसे वाटले. संगणकावरून काढलेल्या पत्रिकेच्या मागे तुमच्याच अक्षरात आहे : गुरूच्या महादशेत शुक्राची अंतर्दशा, मार्च २०२२ ते नोव्हेंबर २०२४, या काळात विवाह निश्चित. खाली सही आहे, तारीख आहे. 'निश्चित'खाली रेघही तुम्हीच मारलीत.

लग्न झाले नाही. मधल्या काळात एक चांगले स्थळ एकनाड आहे म्हणून तुमच्या सल्ल्याने सोडले, त्याबद्दल आज काही म्हणत नाही. परवा तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही म्हणालात, जन्मवेळेत दहा मिनिटांचा फरक असणार. आता चंद्राच्या अंतर्दशेत, म्हणजे जानेवारी २०२७पर्यंत होईल. तोवर सोन्यात पुष्कराज, उजव्या हाताच्या तर्जनीत, गुरुवारी. शिवाय त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचा नारायण नागबळी. मी दक्षिणा परत मागत नाही, ग्राहक आयोगाकडेही जात नाही. पण हा खर्च करण्याआधी पहिले भाकीत का चुकले याचा सरळ पडताळा तुम्ही करावा, एवढी माझी मागणी आहे.

दहा मिनिटांपासूनच सुरुवात करू. हा हिशोब मी तुमच्याच पद्धतीने केला आहे, तपासून पाहा. महादशा कुठून सुरू होते हे जन्माच्या वेळी चंद्र नक्षत्रात किती पुढे गेला आहे यावर ठरते. मुलाचे नक्षत्र मृग, त्याचा स्वामी मंगळ, मंगळाची दशा सात वर्षांची. नक्षत्र तेरा अंश वीस कलांचे, म्हणजे ८०० कलांचे. सात वर्षे या ८०० कलांवर वाटली की एका कलेला तीन दिवसांहून थोडे जास्त येतात. चंद्र दिवसाला साधारण तेरा अंश चालतो, तेव्हा दहा मिनिटांत तो जेमतेम साडेपाच कला सरकतो. म्हणजे जन्मवेळ दहा मिनिटांनी हलवली तर सगळ्या दशा मिळून सुमारे अठरा दिवस पुढेमागे होतात. नोव्हेंबर २०२४ संपायचा तो डिसेंबरात जाऊन संपेल, इतकेच. शुक्राची अंतर्दशा आजपर्यंत ताणायची, तर मुलाचा जन्म नोंदीच्या सुमारे साडेचार तास आधी झाला असे मानावे लागेल. त्या वेळी मी प्रसूतिगृहाच्या खोलीत डबा खात होते. मला ते चांगले आठवते.

तुम्ही म्हणाल, वेळ बदलली की प्रश्न फक्त दशेचा राहत नाही, लग्न बदलते. हे मला मान्य आहे. लग्न साधारण चार मिनिटांना एक अंश सरकते आणि नवमांश तीन अंश वीस कलांचा, म्हणजे तेरा-चौदा मिनिटांचा असतो. त्यामुळे दहा मिनिटांत नवमांश बदलू शकतो, आणि विवाह नवमांशावरून पाहतात. तेव्हा जन्मवेळ शुद्ध करायला माझी हरकत नाही. पण ती शुद्ध केली तर सगळीकडे शुद्ध करा. मुलाच्या शिक्षणातला खंड, वडिलांचे आजारपण, पहिल्या नोकरीचे गाव, या गोष्टी जुन्या वेळेवरून तुम्ही बरोबर सांगितल्या होत्या आणि त्या वेळी 'पत्रिका बोलते' असे म्हणाला होता. आता नव्या वेळेवरून त्याच तिन्ही गोष्टी पुन्हा काढा. त्या जुळल्या तर तुमचे म्हणणे मी ऐकेन. नाही जुळल्या, तर नवी वेळ फक्त चुकलेले भाकीत झाकायला आणली असा अर्थ होतो. तुमच्या म्हणण्यात तथ्य किती हे यातून एका बैठकीत कळेल आणि त्यासाठी पैसाही लागणार नाही.

अयनांशाचे कारणही पुढे येईल असे वाटते, कारण तुमच्या सहाय्यकाने त्या दिवशी तसे सुचवले. पत्रिका चित्रापक्षाच्या, म्हणजे लाहिरी अयनांशाने काढलेली आहे. पानाच्या कोपऱ्यात तसे छापलेले आहे. कृष्णमूर्ती पद्धतीचा अयनांश त्याहून सहाएक कलांनी कमी, म्हणजे फरक वीस दिवसांच्या आतला. टिळक पंचांगाचा रैवतपक्ष घेतला तर फरक सुमारे चार अंशांचा पडतो आणि दशा तब्बल दोन वर्षे हलते. पण कोणत्या दिशेने? अयनांश कमी घेतला की चंद्र नक्षत्रात पुढे जातो, मंगळाची उरलेली दशा कमी होते आणि शुक्राची अंतर्दशा २०२२च्या अखेरीसच संपते. म्हणजे या वाटेने गेल्यास भाकीत दोन वर्षे आधीच चुकले होते असे ठरेल. ही वाट तुम्ही घेणार नाही अशी आशा आहे.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने बोलायलाच हवी. गुरूच्या महादशेतली शुक्राची अंतर्दशा दोन वर्षे आठ महिन्यांची. मुलगा तेव्हा एकोणतीस ते साडेएकतीस वर्षांचा, नोकरीला लागलेला, घरात स्थळे बघणे सुरू. अशा मुलाचे लग्न तेवढ्या काळात होईल, असे आमच्या शेजारच्या काकूंनी पत्रिका न पाहताही सांगितले असते. म्हणजे भाकीत खरे ठरले असते तरी त्यातून फारसे सिद्ध झाले नसते. आणि खोटे ठरल्यावर पुढची अंतर्दशा तयारच असते. शुक्र विवाहाचा कारक, चंद्र मनाचा आणि स्त्रीचा, पुढे मंगळ येईल तो कुठल्यातरी दृष्टीने सप्तमाशी जोडता येईल, राहू तर काहीही करू शकतो. महादशेतल्या नऊच्या नऊ अंतर्दशांना विवाहाचे कारण सापडत असेल, तर मुलगा कधीतरी बोहल्यावर चढेल तेव्हा पत्रिका खरी ठरणारच. म्हणून नवे भाकीत देताना एक उलट वाक्यही लिहून द्या : जानेवारी २०२७पर्यंत लग्न झाले नाही, तर पत्रिका पाहण्यात माझी चूक झाली, मुलाच्या कर्मात किंवा आमच्या श्रद्धेत नाही. आणि आम्ही खडा घेतला नाही, नागबळी केला नाही, तर भाकीत रद्द होते की राहते, तेही त्याच कागदावर आजच लिहा.

पडताळा न्याय्य व्हायचा तर तो एका घरापुरता राहून चालणार नाही. माझे एक भाकीत चुकले म्हणून तुमची विद्या खोटी ठरत नाही, तसे कुणाचे एक बरोबर आले म्हणून ती खरीही ठरत नाही. मोजणी हवी, आणि मोजणीचे नियम निकालाआधी ठरलेले हवेत. हे आपल्याकडे एकदा झालेले आहे. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या पत्रिका घेऊन एक चाचणी केली. शंभर मुले शाळेत हुशार म्हणून नावाजलेली, शंभर मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस पत्रिका पाठवून विचारले, यातला कोण कुठल्या गटातला? ५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, उत्तरे २७ जणांनी पाठवली. त्यांची सरासरी ४६ टक्के बरोबर आली, आणि सर्वांत चांगले उत्तर चाळिसात २४. नाणे उडवले तरी निम्मी बरोबर येतात. ज्योतिषांपैकी अनेकांना हा निष्कर्ष मान्य नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण पद्धत स्वच्छ होती : उत्तर आधी लेखी, जन्मतपशील सर्वांना सारखा, मोजणी शेवटी. तुमच्याकडून मला तेवढीच स्वच्छता हवी आहे.

तेव्हा विनंती अशी. तुमच्या कपाटात जातकांच्या वह्या आहेत. गेल्या पाच वर्षांत ज्या विवाहांची मुदत तुम्ही सांगितलीत, त्या सगळ्या काढा, निवडून नव्हे. मुदत किती महिन्यांची होती आणि विवाह त्यात झाला की नाही, एवढेच लिहा. नावे झाका. आणि मुलाची पत्रिका, नाव न सांगता आणि लग्न झाले की नाही हेही न सांगता, तुमच्याच परिचयातल्या दोन ज्योतिषांना द्या. २०२२ ते २०२४ या काळाबद्दल ते काय म्हणतात ते बंद पाकिटात मागवा. पाकिटे माझ्यासमोर उघडा. ज्योतिषी तुमच्या पसंतीचे असू देत, मला चालेल.

आता इतर जातकांना.

तुमच्याकडेही असा कागद असेल तर तो शोधा, आणि कागद नसेल तर जे आठवते ते आज तारीख घालून लिहून काढा, कारण आठवणीतले भाकीत दर वर्षी थोडे थोडे खरे होत जाते. चुकलेलेच नव्हे, बरोबर आलेलेही लिहा. फक्त तक्रारदार गोळा झाले तर ती गुरुजींवर अन्याय करणारी मोजणी होईल, आणि ती मला नको. कागदाची प्रत मला देऊ नका, आपापल्या ज्योतिषाला द्या आणि त्यांच्याकडून पोच घ्या. त्यांनी जन्मवेळ बदलायला सांगितले तर प्रसूतिगृहाच्या नोंदीशी किंवा जन्मदाखल्याशी ताडून पाहा, आणि बदललेल्या वेळेवरून आधीच्या बरोबर आलेल्या गोष्टी पुन्हा काढून मागा. खडा विकणारा आणि खडा सांगणारा एकच असेल किंवा एकाने दुसऱ्याचा पत्ता दिला असेल, तर खरेदी थांबवा. घरातल्या मुलामुलींना विचारल्याशिवाय त्यांच्या नावाने कुठलाही विधी ठरवू नका; माझ्या मुलाला नागबळीचे कळले ते आगाऊ रक्कम मागणाऱ्या फोनवरून.

हे तातडीने सांगते आहे, कारण लग्नसराई तोंडावर आहे आणि याच दिवसांत स्थळे नाकारली जातात, खडे विकत घेतले जातात. गुरुजी, पाडव्याच्या आत उत्तर द्या. तोवर पुष्कराज घेणार नाही, आणि बाकीच्यांनीही तोवर आपले पैसे खिशातच ठेवावेत.