शब्द एकदा ठरला की ठरला

वर्गात मी मुलांना नेहमी सांगतो, निबंधात एकच शब्द सारखा वापरू नका. मागच्या वर्षी याच सवयीने मला अडचणीत आणलं.

शाळा सुटल्यावर मी थोडं अनुवादाचं काम करतो. आखातात राहणाऱ्या एक आपा इथल्या वडिलोपार्जित मालमत्तेबद्दल उर्दूत ईमेल लिहितात. मी त्यांचं मराठी करून त्यांच्या वकिलांकडे पाठवतो. महिन्याला चार-पाच ईमेल. आपांचा ‘तर्का’ हा शब्द, म्हणजे मयत व्यक्तीने मागे ठेवलेलं सगळं, मी एकदा ‘इस्टेट’ केला, पुढच्या महिन्यात ‘मालमत्ता’ आणि नंतर ‘वारशाची मिळकत’. वकीलसाहेबांनी विचारलं, “सर, या तीन वेगवेगळ्या मिळकती आहेत का?”

तो गोंधळ हसण्यावारी गेला. दुसरा गेला नाही. आपांनी लिहिलं होतं की अब्बांनी धाकट्या भावाला घर ‘हिबा’ केलं होतं. मी मराठी केलं, ‘बक्षीसपत्र करून दिलं’. वकिलांनी साहजिकच नोंदणीकृत दस्ताचा क्रमांक मागितला. दस्त नव्हताच. अब्बांनी साक्षीदारांसमोर घर देत असल्याचं सांगितलं, भावाने कबूल केलं आणि ताबा घेतला. मुस्लिम कायद्यात एवढ्याने हिबा पुरा होतो, लेखी दस्त लागतोच असं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 129 ने ही मोकळीक राखली आहे. माझ्या एका शब्दाने मात्र नसलेला कागद जन्माला घातला, आणि भाऊ तो लपवतोय असं बहिणीला वाटू लागलं. खुलासा होईपर्यंत त्या दोघांचं बोलणं बंद होतं.

त्यानंतर मी शब्दांची यादी सुरू केली. एक साधी शीट, पाच रकाने: उर्दू शब्द, ठरलेला मराठी शब्द, टाळायचा शब्द, ज्या वाक्यात तो आला ते वाक्य, आणि कोणी कधी मान्य केला. हिब्याची ओळ अशी आहे: ‘हिबा’ हाच शब्द ठेवायचा, ‘बक्षीसपत्र’ टाळायचं, नोंदणीकृत दस्त खरोखर असेल तरच लिहायचं, ‘मृत्युपत्र’ कधीच नाही, कारण ते ‘वसीयत’साठी राखलेलं आहे. हा फरक मोठा आहे. हिबा हयातीतच लागू होतो आणि त्याला मर्यादा नाही. वसीयत मृत्यूनंतर लागू होते आणि वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापुढे जात नाही.

प्रत्येक शब्द यादीत घालायचा नाही. दुसऱ्यांदा आला आणि त्यावर पैसा, हक्क किंवा तारीख अवलंबून असेल, तरच घ्यायचा. वर्षभरात माझी यादी चाळीसच्या आसपास थांबली.

आपल्याला उर्दू आणि मराठी दोन्ही येतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. खरा धोका तिथेच आहे. उर्दूत ‘खुलासा’ म्हणजे सारांश, मराठीत स्पष्टीकरण. आपांनी वकिलांकडे खटल्याचा ‘खुलासा’ मागितला, तो मी तसाच ठेवला असता तर वकिलांना वाटलं असतं की बाई जाब विचारतायत. ‘मिल्कियत’ म्हणजे मालकी, पण हात आपोआप ‘मिळकत’ लिहून जातो. असे शब्द मी यादीत लाल रंगात ठेवतो.

पाठवण्याआधी टाळायचे शब्द मसुद्यात शोधतो. इथे मराठीची एक खोड आहे. ‘हिस्सा’ शोधलं तर ‘हिश्श्याची’ आणि ‘हिश्शाची’ सापडत नाही, ‘वाटा’ शोधलं तर ‘वाट्याला’ निसटतं. म्हणून अशा शब्दांची बदललेली रूपंही यादीत लिहून ठेवतो.

यादीलाही मर्यादा आहेत. आपांच्या पत्रांत ‘हिस्सा’ कधी वारसाचा वाटा असतो, तर कधी जमिनीचा प्रत्यक्ष तुकडा. त्याच्या दोन ओळी केल्या, ‘वारसाहक्काचा वाटा’ आणि ‘जमिनीचा भाग’, आणि दोन्हींपुढे मूळ वाक्य ठेवलं. तरीही शंका आली की आपांनाच विचारतो. यादी पाहून अंदाज बांधत नाही.

ठरलेला शब्द चुकला असं कळलं, तर गुपचूप बदलत नाही. पुढच्या ईमेलच्या शेवटी एक ओळ लिहितो: ‘आधीच्या पत्रांत जिथे अमुक शब्द आहे, तिथे तमुक वाचावा.’ ही ओळ लिहिताना कमीपणा वाटतो, खरं आहे. पण जुनी पत्रं वकिलांच्या फाइलमध्ये असतात, आणि वाद झाला की तीच उघडली जातात.

निबंधात पुनरुक्ती दिसली की मी अजूनही गुण कापतो. पण नववीच्या मुलांना आता एक गोष्ट जास्तीची सांगतो: गोष्ट लिहाल तेव्हा शब्द बदला, कुणाच्या घराबद्दल लिहाल तेव्हा बदलू नका.