खोली दिली, पुढे काय?

विमान चुकलेल्या वृद्ध प्रवाशाला हॉटेलात खोली दिली की विमान कंपनीच्या लेखी विषय मिटतो. तो कुठे अडून राहतो, हे दाखवणारी ही छोटी गोष्ट.

मे महिना, पहाटेचे तीन. नागपूरचं विमान उशिरा आल्यामुळे एका आजींचं मुंबईहून लंडनला जाणारं विमान चुकलं. कंपनीच्या गाडीनं त्यांना सहारच्या हॉटेलात आणून सोडलं. आजी खोलीत जायला तयार नव्हत्या. "तिकीट वाया गेलं. लेक सकाळी विमानतळावर येऊन उभी राहील. माझ्या गोळ्या बॅगेत, आणि बॅग कुठं आहे देव जाणे!"

हॉटेलच्या काउंटरवरच्या रात्रपाळीच्या मुलानं "काळजी करू नका" म्हटलं नाही. "आजी, आधी बसा," म्हणत पाणी दिलं आणि विचारलं, "गोळ्या कशाच्या?" रक्तदाबाच्या, सकाळची घ्यायची होती. त्यानं स्वतःच्या मनानं कुठलीही गोळी दिली नाही. लंडनमध्ये तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते, लेक जागी असणार. त्यानं काउंटरवरूनच फोन लावून दिला. लेकीनं औषधाच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. तो हॉटेलच्या डॉक्टरांना दाखवून गोळी सकाळपर्यंत आणायची सोय झाली.

मग त्यानं तिकीट पाहिलं. दोन्ही विमानं एकाच आरक्षण क्रमांकावर होती. "पहिलं विमान कंपनीमुळे उशिरा आलं, त्यामुळे पुढच्या विमानात बसवणं त्यांचंच काम." तिकिटं वेगवेगळी काढलेली असती, तर हे त्याला म्हणता आलं नसतं. बॅगेच्या पावतीवर लंडनच्या विमानतळाची अक्षरं होती, म्हणजे बॅग लंडनपर्यंत नोंदवलेली. ती सध्या कुठे आहे, हे मात्र त्यानं अंदाजानं सांगितलं नाही. कंपनीच्या रात्रीच्या माणसाला फोन करून विचारलं. बॅग मुंबईतच होती. नवीन विमान दुपारी दीडचं.

शेवटी एका कागदावर त्यानं मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं: सात वाजता फोन करून उठवू, नाश्ता खाली, साडेनऊला गाडी, टर्मिनल दोन, बॅग कंपनीकडे. रात्री काही लागलं तर फोनवर नऊ दाबा. आजींनी तो दोनदा वाचला, "नऊ ना रे बाळा?" असं विचारून घेतलं आणि लिफ्टकडे निघाल्या.

विमानाची, बॅगेची आणि गाडीची ही माहिती विमान कंपनीकडे रात्री एकलाच होती. एक वाजल्यापासून तीनपर्यंत आजींचा जीव टांगणीला लागला, तो ती कुणी सांगितली नाही म्हणून. नवीन विमानाची वेळ, बॅगेचा ठावठिकाणा, गाडीची वेळ आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर, एवढं प्रवाशाच्या भाषेत छापलेला कागद कंपनीनं विमानतळावरच हातात द्यावा. बॅग सोडवून देता येत नसेल, तर औषधांची विचारपूसही तिथेच व्हावी. हॉटेलच्या काउंटरवर असा मुलगा भेटेल की नाही, यावर सत्तरीच्या माणसाची रात्र सोडून देणं आम्हाला मान्य नाही.