एकतीस मेसेज आणि सतरा फॉर्म

मागच्या वर्षी एका सेमिस्टरच्या शेवटी पाच विद्यार्थी माझ्याकडे आठ स्क्रीनशॉट घेऊन आले. मी हैदराबादमधल्या एका विद्यापीठात पीएचडी करते आणि एम.ए.च्या संशोधन पद्धतीच्या पेपरला शिकवायला मदत करते. ग्रुप प्रोजेक्ट ३० गुणांचा होता. शहरातल्या एका लेबर अड्ड्यावर, म्हणजे आपल्याकडच्या मजूर नाक्यावर, जाऊन ४० मुलाखती घ्यायच्या आणि अहवाल लिहायचा. गट सहा जणांचा. पाच जणांचं म्हणणं एकच होतं: सहावीने काही केलं नाही, नऊ दिवस ग्रुपवर उत्तरसुद्धा दिलं नाही, तिला आमच्याइतके गुण देऊ नका.

स्क्रीनशॉट खरे होते. त्यात तिला तीन वेळा विचारलं होतं, तिचं उत्तर नव्हतं, आणि शेवटी कुणीतरी लिहिलं होतं, ‘काही लोक सीरियसच नसतात.’

स्क्रीनशॉट कुठून सुरू करायचा हे तो काढणारा ठरवतो. म्हणून मी सहाही जणांची परवानगी घेतली आणि व्हॉट्सॲप ग्रुपचं पूर्ण चॅट Export chat करून मागवलं, तेही मीडियासकट. मीडिया न घेता फाईल काढली, तर प्रत्येक फोटोच्या जागी फक्त <Media omitted> एवढंच येतं आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो नि ‘गुड मॉर्निंग’चं फूल यांत काही फरक उरत नाही. फाईल मिळाल्यावर मी नावं काढून अक्षरं घातली: क, ख, ग, घ, च, छ. तक्रार होती ‘च’बद्दल. ग्रुपवरची भाषा इंग्रजी-हिंदीची मिसळ होती, इथे मी ती मराठीत देते आहे.

पहिली मोजणी पाच जणांच्या बाजूने गेली. एकूण ६१२ मेसेज. ‘क’चे २१४, ‘ख’चे १३१, ‘ग’चे ९७, ‘घ’चे ८८, ‘छ’चे ५१ आणि ‘च’चे ३१. इथेच थांबले असते, तर तक्रार सिद्ध झाली होती, आणि आकड्यांनिशी झाली होती.

मग मी प्रत्येक मेसेज काय करतो आहे ते पाहिलं. कुणाला काम सांगतो, काम अंगावर घेतो, काम आणून देतो, की कामातला प्रश्न विचारतो? जे यांतलं काहीच करत नाही ते सगळं बाजूला काढलं. ‘ओके’, ‘थँक्स गाईज’, अंगठे, प्रोफेसरांची नक्कल, यातच जवळजवळ अर्धी फाईल गेली. ‘क’चे ७० मेसेज काम सांगणारे निघाले आणि ९ काम आणून देणारे. ‘च’चा काम सांगणारा एकही नव्हता. पण तिच्या ३१ पैकी १७ मेसेज म्हणजे भरलेल्या फॉर्मचे फोटो होते, एका फॉर्मचा एक. चाळीस मुलाखतींपैकी ‘च’च्या १७, ‘घ’च्या ११, ‘छ’च्या ६, ‘ग’च्या ४, ‘ख’च्या २. ‘क’ची एकही नाही.

म्हणजे ‘क’ने काम केलं नाही असं मात्र नाही. अहवालाच्या गूगल डॉकची व्हर्जन हिस्टरी उघडली, तर दोन रात्री जागून तिने जवळपास सगळं लिखाण केलेलं दिसलं. ती कामचुकार नव्हतीच. माझा प्रश्न वेगळा होता. अड्ड्यावर कोण जाणार आणि डॉकमध्ये कोण लिहिणार, हे ठरलं कसं?

ते ठरायला तीन मिनिटं लागली होती, रात्री ११:५२ ते ११:५५. ‘क’ने लिहिलं, ‘थिअरी आणि प्रेझेंटेशन मी आणि ख बघतो. फील्ड च घेईल का? तू त्या लोकांशी जास्त चांगलं कनेक्ट करू शकतेस ना.’ वर्गात ओळख करून देताना ‘च’ने सांगितलं होतं की तिची आई बांधकामावर जायची. तीन मिनिटांत दोघांनी ‘परफेक्ट’ लिहिलं. ‘च’चं ‘ओके’ आलं सकाळी ५:४०ला. तोवर निर्णय होऊन पुढच्या विषयावर चाळीस मेसेज झाले होते. तिची संमती नोंदवली गेली, पण ठरून गेल्यानंतर.

त्या वाक्यात शिवी नाही, उलट कौतुकच आहे. म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड. ‘मलाही थिअरी लिहायची आहे’ असं म्हटलं, की आपण फील्डला कमी लेखतो असं दिसतं. बाबासाहेबांनी १९३६च्या निबंधात कामाची वाटणी आणि काम करणाऱ्यांची वाटणी यांत फरक केला. तो मी परीक्षेत कितीदा लिहिला असेल. व्हॉट्सॲपवर तो दोन ओळींत घडलेला पहिल्यांदाच पाहिला.

मग वेळा पाहिल्या. गटाचे जवळजवळ सगळे निर्णय रात्री ११ ते १ या वेळेतले. ‘च’चे मेसेज पहाटे साडेपाचच्या आसपास किंवा सकाळी दहानंतर. कारण साधं आहे. अड्ड्यावर माणसं पहाटे सहापासून उभी राहतात. मुकादम, मिस्त्री येतात, भाव ठरतो, टेम्पोत बसून मजूर निघून जातात. दहापर्यंत ज्यांना काम मिळालं नाही तेही घरी परततात. मुलाखत घ्यायची तर याच वेळात, आणि तीसुद्धा भाव चालू असताना नाही. होस्टेलवरून पहिली बस धरणारी मुलगी रात्री साडेबाराला ‘माझंही एक म्हणणं आहे’ असं लिहायला जागी नसते.

आता ते नऊ दिवस. स्क्रीनशॉट जिथे सुरू होत होते, त्याच्या आधीची दोन पानं वाचली. ११ फॉर्म पाठवल्यावर सकाळी १०:२०ला ‘च’ने विचारलं होतं, ‘प्रश्न १४मध्ये मासिक उत्पन्न विचारलंय. यांना रोज काम मिळत नाही, महिन्याचा आकडा ते सांगू शकत नाहीत. मागच्या सात दिवसांत किती दिवस काम मिळालं आणि रोज किती, असं विचारू का?’ पद्धत म्हणून हा संपूर्ण चॅटमधला सगळ्यात चांगला मेसेज आहे. रोजंदारीवरच्या माणसाला महिन्याचं विचारलं, तर तो तुमच्या समाधानासाठी काहीतरी आकडा देतो. मागचा आठवडा मात्र त्याला दिवसागणिक आठवतो. त्या मेसेजनंतर ‘ख’ने प्रेझेंटेशनच्या रंगाबद्दल लिहिलं. दुसऱ्या दिवशी ‘च’ने पुन्हा विचारलं. उत्तर नाही.

एक्सपोर्ट केलेल्या फाईलमध्ये मेसेज कुणी वाचला हे येत नाही. ते फक्त पाठवणाऱ्याच्या फोनवर, त्या मेसेजच्या माहितीत दिसतं. ‘च’ने मला फोन दाखवला. दोन्ही मेसेजच्या खाली पाचही नावं होती.

त्यानंतर ती नऊ दिवस गप्प राहिली. तक्रार शब्दशः खरी होती. पण काम थांबलं होतं एका उत्तरावाचून, आणि ते उत्तर पाच जणांकडे होतं. तिला विचारलं, तर म्हणाली, ‘तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मलाच येत नाही असं वाटलं असतं.’ शेवटी तिने स्वतःच ठरवलं आणि उरलेले सहा फॉर्म भरून पाठवले.

या गटात खरोखर काम अडवणारा एक जण होताच. डेटा एन्ट्री ‘छ’ने अंगावर घेतली होती. ‘आज रात्री पाठवतो’ असं त्याने चार वेळा लिहिलं, चारही वेळा हसऱ्या चेहऱ्यासह. शीट आली नाही. त्याच्याबद्दल एकही स्क्रीनशॉट नव्हता. उशीर करणारा बोलत राहिला, तर तो ‘बिझी’ ठरतो.

गटात माणूस अंग चोरतो याला समाजमानसशास्त्रात ‘सोशल लोफिंग’ म्हणतात. लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी १९७९मध्ये टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून ते मोजलं. त्या संशोधनातून निघालेला उपाय शिक्षकांना आवडतो: प्रत्येकाचं योगदान वेगळं दिसू द्या, म्हणजे अंग चोरणं कमी होतं. ठीक. पण दिसतं काय? मेसेज दिसतो, डॉकमधलं नाव दिसतं, स्लाईडवरचा आवाज ऐकू येतो. पहाटे सहा ते दहा अड्ड्यावर उभं राहणं यांतलं काहीच नाही.

चॅटवरून सगळं कळत नाही हेही सांगायला हवं. फोन कॉल त्यात नसतात. ‘ग’ने नंतर कबूल केलं की ‘फायनल पीपीटी’ नावाचा तिघांचा वेगळा ग्रुप होता; तो मी पाहिला नाही. आणि फाईलवरून मी कुणाची जात ओळखत नाही. ‘घ’ची घरची परिस्थिती ‘च’सारखीच, तरी तक्रारीवर त्याचीही सही होती.

हे वाचून झाल्यावर मी माझ्या स्वतःच्या एम.ए.च्या ग्रुपचं जुनं चॅट काढलं. नांदेडहून आले होते, घरातली पहिलीच. माझं सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य निघालं, ‘मी करते.’ टायपिंग मी करते, प्रिंट मी काढते, फॉर्म मी नेते. कुणी सक्ती केली नव्हती. काम जाहीर व्हायच्या आधीच मी हात वर करत होते, म्हणजे लिखाण मागायची वेळच येऊ नये. त्या अहवालात माझा एकही परिच्छेद नाही.

‘च’ला मी दोन गोष्टी सांगितल्या. अड्ड्यावरून परतताना रोज एक ओळ टाकायची: किती ते किती, किती फॉर्म, काय अडलं. आणि प्रश्न ग्रुपला नाही, एका माणसाला नाव घेऊन विचारायचा, उत्तर किती तारखेपर्यंत हवं तेही लिहून. सांगताना वाईट वाटलं, कारण हे आणखी एक काम मी तिच्याच अंगावर टाकत होते.

मी चार पानांची टिपणी प्रोफेसरांना दिली. सगळ्यांना सारखे गुण मिळाले, ३० पैकी २४. ‘छ’लाही २४.

अहवाल मी नंतर नीट वाचला. ‘छ’ची शीट न आल्यामुळे शेवटच्या रात्री ‘घ’ने एकट्याने चाळीस फॉर्म भरले होते. प्रश्न १४च्या रकान्यात एकच आकडा मावत होता, म्हणून त्याने प्रत्येक रोजंदारीला २६ने गुणलं. ‘च’च्या एका फॉर्मवर रोज ७०० लिहिलं होतं. तक्त्यात त्या माणसाचं मासिक उत्पन्न १८,२०० झालं. फोटो मोठा करून पाहिला तर समासात, पेन्सिलीने, तिच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: सातपैकी तीन दिवस.