विश्लेषण : करारनामा ‘चॅटजीपीटी’त टाकला, तर तो जातो कुठे?

देऊळगाव राजा आणि शेजारच्या जालना पट्ट्यात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन हा मोठा व्यवसाय आहे. कंपनी शेतकऱ्याशी करार करते. त्या करारात शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, बँक खाते, बियाण्याचा ठरलेला दर आणि नर-मादी वाणांचे सांकेतिक क्रमांक असतात. समजा, एखाद्या कार्यालयातील कर्मचाऱ्याने हा इंग्रजी करार सोप्या मराठीत हवा म्हणून जसाच्या तसा एखाद्या मोफत एआय साधनात पेस्ट केला. काम दोन मिनिटांत झाले, हेतूही चांगला होता. पण कंपनीचे गुपित आणि शेतकऱ्याचे खाते दोन्ही कंपनीबाहेर गेले.

यापूर्वी असे घडले आहे का?

होय. २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी चुका शोधण्यासाठी गोपनीय संगणक कोड ‘चॅटजीपीटी’त टाकला होता, तर एकाने इतिवृत्त तयार करण्यासाठी बैठकीचा मजकूर दिला होता. त्यानंतर मे २०२३ मध्ये कंपनीने आपल्या उपकरणांवर अशा साधनांना मनाई केली. भारतातही केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत, अशी सूचना काढली.

धोका नेमका कोणता?

पेस्ट केलेला मजकूर सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर साठतो. वैयक्तिक खात्यात तो पुढील मॉडेलच्या प्रशिक्षणासाठीही वापरला जाऊ शकतो. मात्र उद्या कोणी विचारल्यावर हे साधन तोच करार घडाघडा म्हणून दाखवेल, ही शक्यता तुलनेने कमी. खरी भीती साध्या गोष्टींची आहे. कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरीला गेला, तर सगळा इतिहास दुसऱ्याच्या हाती लागतो. मार्च २०२३ मध्ये एका बिघाडामुळे ‘चॅटजीपीटी’च्या काही वापरकर्त्यांना इतरांच्या संवादांची शीर्षके दिसली होती. २०२५ मध्ये तर लोकांनी शेअर केलेले काही संवाद गुगलच्या शोधात सापडू लागले.

सेटिंगमध्ये Data controls खाली Improve the model for everyone हा पर्याय बंद करता येतो. त्याने प्रशिक्षणासाठीचा वापर थांबतो, साठवण थांबत नाही.

जबाबदारी कोणाची?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहिती का आणि कशी वापरायची हे ठरवणारी संस्था तिच्या सुरक्षेला जबाबदार असते. वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वाणांचे क्रमांक मात्र या कायद्यात येत नाहीत, कारण ती वैयक्तिक माहिती नव्हे. ते गुपित कंपनीने स्वतःच जपायचे असते.

मग सरसकट बंदी घालावी का?

बंदी सोपी दिसते, पण कार्यालयाच्या संगणकावर बंद केलेले साधन कर्मचाऱ्याच्या खिशातल्या मोबाइलवर सुरूच असते. मग काय बाहेर गेले, हे कंपनीला कळतही नाही. त्यापेक्षा एका पानाचे, मराठीतले धोरण अधिक उपयोगी. त्यात कागदांचे तीन गट करावेत. जाहिरात, माहितीपत्रक असे खुले कागद कोणत्याही साधनात चालतील. करार, पत्रव्यवहार हे खुणा झाकूनच द्यावेत. बँक खाती, आधार, वाणांचे क्रमांक आणि बियाण्याच्या शुद्धता चाचणीचे निकाल कधीच देऊ नयेत.

खुणा झाकणे म्हणजे नावाच्या जागी ‘शेतकरी क’, दराच्या जागी ‘ठरलेला दर’ असे लिहिणे. भाषांतरासाठी तेवढे पुरते. खरी नावे नंतर आपल्या संगणकावर भरता येतात. पण फक्त नाव काढून भागत नाही. लहान गावात ‘ढोबळी मिरची, तीन शेडनेट’ एवढ्यावरून शेतकरी ओळखू येतो. म्हणून गाव आणि क्षेत्रही काढावे. पाठवण्यापूर्वी तपासण्याची खूण एकच : हा मजकूर शेजारच्या गावात वाचला, तर माणूस ओळखला जाईल का?

रोजचे काम असेल, तर मजकूर प्रशिक्षणासाठी वापरणार नाही असे करारात लिहून देणारे व्यावसायिक खाते कंपनीने घ्यावे. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हेही धोरणात लिहावे. वेळेत कळले, तर संवाद पुसणे, पासवर्ड बदलणे आणि शेतकऱ्याला कळवणे शक्य असते. शिक्षेच्या भीतीने चूक दडवली गेली, तर यातले काहीच होत नाही.