मावशींच्या हाती द्यायचे पत्र



पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. त्यांच्या सासूबाईंना जुलै २०१८ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या. मधली सहा वर्षे दोन महिने त्यांचे सगळे एका मावशींनी केले. ब्यूरोमार्फत दिवसपाळीला म्हणून आलेल्या बाई. पुढे घरच्याच झाल्या. आता त्यांना दुसरीकडे काम बघायचे आहे. “आम्हा सर्वांच्या वतीने त्यांना आभाराचे पत्र द्यायचे आहे. मजकूर जरा नीट करून द्याल का?” असे विचारून त्यांनी कच्चा खर्डाही सोबत जोडला होता. तो असा:

“तुम्ही आमच्या आईंची आईसारखी सेवा केलीत. तुमचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. देव तुमचे भले करो.”

खोटे यात काहीच नाही. पण जरा विचार करा. उद्या या मावशी दुसऱ्या दारात उभ्या राहतील. त्या घरातली सून विचारील, “अंथरुणावरच्या माणसाचं केलंय का कधी? काय काय येतं?” तेव्हा मावशींनी हा कागद पुढे केला, तर तिला त्यातून काय कळणार? बाई चांगली आहे, एवढेच. घरात राहून काम करणाऱ्या बाईजवळ बहुधा पगाराची चिठ्ठी नसते, नेमणुकीचा कागद नसतो. सहा वर्षांच्या कामाला साक्ष फक्त एका म्हातारीची, आणि ती आता नाही.

म्हणून मी त्या भगिनींना उलट विचारले: मावशी रोज नेमके काय करीत? तुम्हाला जमत नव्हते आणि त्यांना जमले, असे काय होते? त्यांचे काही देणे राहिले आहे का? पैशाचेच नव्हे, शब्दाचेसुद्धा.

उत्तराची सहा पाने आली! आणि शेवटच्या पानावर खरी गोष्ट निघाली.

सासूबाईंना दवाखान्यातून घरी आणले त्याच दिवशी मावशी कामावर आल्या. संध्याकाळी अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग त्यांना दिसला. त्यांनी त्यावर बोट दाबून धरले आणि उचलले. साधी लाली असेल तर दाबल्यावर तिथे पांढरे पडते आणि मग पुन्हा रंग येतो. हा डाग तसाच लाल राहिला. (सावळ्या अंगावर लाली दिसेलच असे नाही, तिथे आजूबाजूच्या कातडीपेक्षा ऊन किंवा टणक लागते का, दुखते का, ते हाताने बघायचे.) मावशी म्हणाल्या, “आजींना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला पाहिजे, रात्रीसुद्धा.” घरच्यांना वाटले, नवी बाई उगाच मोठेपणा करते आहे. रात्री कुणी उठले नाही. बाराव्या दिवशी तिथे जखम झाली. भेटायला आलेल्या नणंदबाई चार पाहुण्यांसमोर म्हणाल्या, “बाईंच्या हलगर्जीपणाने झालं.” मावशी खाली मान घालून उभ्या राहिल्या. आणि घरातल्या कुणीही नणंदबाईंना खरे सांगितले नाही.

जखम भरायला तीन महिने लागले. पण ते वाक्य सहा वर्षे तसेच राहिले.

आता सांगा, “उपकार विसरणार नाही” एवढ्यावर हे फिटेल का? मी त्यांना सुचवले की एक नव्हे, दोन कागद करा. एक पत्र, फक्त मावशींसाठी. त्यात मनातले सगळे, चुकीच्या कबुलीसकट. दुसरा कागद दाखल्याचा, परक्या माणसाला दाखवता येईल असा. घरातले भांडण आणि आजारी माणसाच्या लाजेच्या गोष्टी दाखल्यात नकोत. दोन्ही त्यांनीच लिहिले, मी फक्त चार जागी कात्री लावली. त्यांच्या परवानगीने, नावे गाळून, इथे देते.

पत्र असे:

“आदरणीय मावशींना, सप्रेम नमस्कार.

आईंना जाऊन महिना झाला. तुमची वही काल पुन्हा उघडली. तुम्हाला लिहायला फारसे येत नाही म्हणून तुम्ही खुणा ठरवल्या होत्या: वळवले की तिरकी रेघ, लघवी झाली की टिंब, जेवण पुरे झाले की गोल, अर्धे टाकले की अर्धा गोल. डॉक्टर दर वेळी आधी तुमची वही मागत आणि मग आईंची नाडी बघत.

वहीच्या पहिल्या पानावर, तुम्ही आलात त्याच तारखेला, पाठीचे चित्र काढून तुम्ही एक फुली मारली आहे. म्हणजे तो डाग घरी येतानाच होता आणि पहिल्याच दिवशी तुम्ही तो दाखवला होता. आम्ही ऐकले नाही. जखम आमच्या आळसाने झाली. त्या दिवशी सर्वांसमोर तुम्हाला बोल लागला आणि आम्ही गप्प बसलो, याची आम्हाला लाज वाटते. हे पत्र आम्ही ताईंनाही वाचून दाखवले आहे. त्यांनीही खाली सही केली आहे.

पहिल्या महिन्यात आईंना चहा पिताना ठसका लागायचा. आम्ही पाठीवर थोपटत असू. तुम्ही सांगितलेत की घोट गेल्यावर आवाज ओला, घोगरा येतो, म्हणजे पाणी वाट चुकते आहे, डॉक्टरांना दाखवा. त्यांनी पातळ बंद करायला सांगितल्यावर तुम्ही नाचणीची पेज दाट करून, आईंना ताठ बसवून, हनुवटी जरा खाली घेऊन, छोट्या चमच्याने भरवलीत. एक चमचा गिळला हे पाहिल्याशिवाय दुसरा दिला नाही. नंतर अर्धा तास आडवे होऊ दिले नाही. एका जेवणाला पाऊण तास लागे. तुमचा स्वतःचा डबा तोवर गार झालेला असे, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी लागली तेव्हा तुम्ही आमच्याकडे होतात. घरी गेलात तर परत येता येणार नाही, म्हणून राहिलात. अडीच महिने. त्याच दिवसांत तुमच्या लेकीचे पहिले बाळंतपण झाले. नातीचे तोंड तुम्ही फोनवर पाहिलेत. आमच्या आईपाशी राहण्यासाठी तुम्ही लेकीपाशी गेला नाहीत. याची परतफेड आमच्याकडे नाही. निदान ते आम्हाला ठाऊक आहे, एवढे लिहून ठेवतो.

शेवटच्या वर्षी आई आम्हाला ओळखत नव्हत्या. दिवेलागणीला घाबऱ्या होऊन ‘मला घरी न्या’ म्हणत. आम्ही म्हणायचो, ‘अहो, हेच घर आहे,’ की त्या आणखी चिडत. तुम्ही म्हणायचात, ‘जाऊ या, आधी वेणी घालू.’ वेणी होईपर्यंत त्या शांत होत. आता त्या वेळेला घरात काय करावे ते आम्हाला सुचत नाही.

तुमचे,
(घरातील पाचही जणांच्या सह्या)”

आणि हा दाखला:

“या बाईंनी जुलै २०१८ ते सप्टेंबर २०२४ या काळात आमच्या आईंची (वय ७८ ते ८४, उजव्या बाजूचा अर्धांगवायू, पूर्ण अंथरुणावर) काळजी घेतली. दर दोन तासांनी कूस बदलणे. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवणे. रोज कातडी तपासणे. गिळायला त्रास असलेल्या रुग्णाला बसवून भरवणे. लघवीची पिशवी कमरेच्या खालच्या पातळीवर ठेवणे, रिकामी करणे व माप लिहिणे. गोळ्या वेळेवर देणे, ही कामे त्या स्वतंत्रपणे करीत. इंजेक्शन देणे व जखमेची पट्टी करणे ही कामे नर्स करीत असत. त्यात या मदत करीत. पाठीवरील जखमेची पहिली खूण यांनीच ओळखली. ती भरल्यावर पुढच्या सहा वर्षांत पुन्हा जखम झाली नाही. विचारणा करायची असल्यास खालील क्रमांकावर फोन करावा.”

इंजेक्शनचे वाक्य मी मुद्दाम ठेवायला सांगितले. कौतुकाच्या भरात आपण ‘नर्स’ लिहून जातो. मावशींचे नर्सिंगचे शिक्षण नव्हते. असा कागद वाचून पुढच्या घरी कुणी त्यांच्या हाती सिरिंज दिली, तर रुग्णाचे नुकसान होईल आणि बोल पुन्हा त्यांनाच लागेल. जे येते ते ठासून लिहावे, आणि जे केले नाही तेही स्पष्ट लिहावे. खाली तारीख, पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि सही हवीच. या भगिनींनी खऱ्या कागदावर ते सर्व घातले आहे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. “साडी आणि पाकीट देणार आहोत, पण पाकिटात किती?” असे त्यांनी भीत भीत विचारले होते. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात एक हिशेब होता: दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. तो कायदा कारखाने, दुकाने यांसाठी. आपल्या घराला त्याचे बंधन नाही. पण हिशेबाची रीत उसनी घ्यायला काय हरकत? मावशींचा शेवटचा पगार महिना १८,२०० रुपये. भागिले सव्वीस, म्हणजे दिवसाचे ७००. पंधरा दिवसांचे १०,५००. सहा वर्षांचे ६३,००० रुपये. शिवाय न घेतलेल्या रजांचे वेगळे. एकदम जमत नसेल तर दोन हप्त्यांत द्या, पण किती आणि कधी ते आजच सांगा. आणि हा पैसा बक्षीस म्हणून नव्हे, हिशेब म्हणून द्यावा. साडी निराळी.

शेवटी एक. मावशींना वाचायला त्रास होतो, तेव्हा पत्र नुसते हातात ठेवू नका. समोर बसून वाचून दाखवा. या भगिनींनी तसेच केले. त्या लिहितात, “जखमेचा भाग आला तेव्हा मावशींनी मला थांबवलं. म्हणाल्या, ‘तेवढं पुन्हा वाचा.’ मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी विचारलं, ‘ताईंची सही कुठली?’ मी बोट ठेवून दाखवली. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पिशवीत, अगदी तळाशी ठेवली. दाखला मात्र वरच ठेवला.”