मटण खातो, उन्हात राहतो, तरी रिपोर्ट कमी का?

विंचूरहून एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. वय ४४. कांद्याच्या एका पेढीवर हिशेबाचे काम करतात. सकाळी नऊला खुर्चीत बसतात ते दिवेलागणीला उठतात. वर्षभरापासून थकवा आहे. मगरिबनंतर जेवून आडवे झाले की मुलांशी बोलायचीही ताकद राहत नाही. मांड्या आणि पाठ दुखते, तळपायाला मुंग्या येतात. सहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी दोन वेळा चालू आहे. पित्तासाठी सकाळची पॅन्टोप्रॅझोलही दोन वर्षे रोज घेतात. तपासणी केली तेव्हा व्हिटॅमिन डी १२, बी १२ चे प्रमाण १३८ आणि हिमोग्लोबिन ११.२ निघाले. ते लिहितात, "डॉक्टरसाहेब, बी १२ शाकाहारी लोकांना कमी पडते म्हणतात. आमच्या घरी तर आठवड्यातून दोनदा गोश्त शिजते. आणि विंचूरच्या उन्हाची काय कमतरता? मग दोन्ही कमी कसे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या अनेक घरांत हाच समज असतो आणि त्यापायी रिपोर्ट कपाटात पडून राहतो. दोन्ही कमतरतांची कारणे वेगळी आहेत, म्हणून एकेक पाहू.

गोश्त खाऊनही बी १२ कमी

आधी ताटातला हिशेब करू. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम बी १२ लागते. शंभर ग्रॅम मटणात जवळपास एवढे मिळते. पण चिकनमध्ये त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढेच असते. आज बहुतेक घरांत "गोश्त" म्हणजे चिकनच असते आणि वाट्याला दोन तुकडे येतात. बाकीचे पाच दिवस डाळ, भाजी, भाकरी. यांत बी १२ नसते. दूध, दही आणि अंडी रोज पोटात गेली तर बरीच भर पडते, पण चहातल्या दोन चमचे दुधाने ती पडत नाही. म्हणून "आम्ही मांसाहारी" एवढे म्हणून भागत नाही, आठवड्यात काय आणि किती खाल्ले ते मोजावे लागते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांचे रक्त तपासले होते. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ६७ टक्के पुरुषांत बी १२ कमी होते. शाकाहारींना धोका अधिक होता हे खरे. पण सर्वांत जास्त कमतरता शहरी मध्यमवर्गात, म्हणजे ८१ टक्के, निघाली.

आपल्या बंधूंच्या बाबतीत मात्र ताटापेक्षा मोठे कारण औषधांच्या डब्यात आहे. गोश्तातले बी १२ प्रथिनाला चिकटलेले असते. जठरातले आम्ल ते सुटे करते. मग जठरातच तयार होणारा एक खास पदार्थ त्याला धरतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतो, तिथे ते रक्तात शिरते. पित्ताची रोजची गोळी आम्ल कमी करते, म्हणजे पहिली पायरी कच्ची राहते. मेटफॉर्मिन आतड्याच्या त्या शेवटच्या भागात शोषण कमी करते, म्हणजे शेवटची पायरीही कच्ची. खाल्लेल्यातले थोडेच रक्तात पोहोचते.

हे एका महिन्यात होत नाही. यकृतात बी १२ चा साठा काही वर्षे पुरेल एवढा असतो. तो हळूहळू संपतो, म्हणून मेटफॉर्मिन सुरू केल्यावर तीन-चार वर्षे काही जाणवत नाही आणि मग थकवा व मुंग्या सुरू होतात. मात्र हे वाचून कोणीही मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नये. साखर वाढली तर त्याचे नुकसान अधिक. ती गोळी चालू ठेवून बी १२ वेगळे द्यायचे असते. पित्ताच्या गोळीची आज खरोखर गरज आहे का, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारावे. पुष्कळदा ती दोन महिन्यांसाठी लिहिलेली असते आणि वर्षानुवर्षे चालू राहते.

रिपोर्टमधले आकडे

बी १२ पिकोग्रॅममध्ये मोजतात. २०० च्या खाली कमी आणि २०० ते ३०० काठावरचे समजतात. एकट्या आकड्यावर विसंबू नये, सोबत रक्ताची साधी तपासणी पाहावी. पत्रासोबतच्या कागदावर एमसीव्ही १०४ आहे, म्हणजे तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या झाल्या आहेत. बी १२ कमी पडल्यावर पेशी अशाच फुगतात. कमी हिमोग्लोबिन, मोठ्या पेशी आणि तळपायाच्या मुंग्या हे तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात. त्यामुळे या थकव्यात बी १२ चा वाटा मोठा आहे असे मानायला जागा आहे.

इथे एक चूक घरोघरी होते. हिमोग्लोबिन कमी दिसले की रक्तवाढीच्या गोळ्या आणतात. त्यांत लोह आणि फॉलिक अॅसिड असते. बी १२ कमी असताना नुसते फॉलिक अॅसिड दिले तर हिमोग्लोबिन सुधारते आणि सगळ्यांना बरे वाटते, पण नसांची झीज आतून चालूच राहते. पुढे तोल जाणे, बोटे बधिर होणे, विसरभोळेपणा असे त्रास दिसू लागतात, आणि उशीर झाला तर ते पूर्ण भरून येत नाहीत. म्हणून आधी बी १२, मग बाकीचे.

गोळी की इंजेक्शन?

गरज दोन मायक्रोग्रॅमची, मग गोळी १५०० ची का? जठरातला तो वाहक पदार्थ एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेऊ शकतो. त्यापलीकडचे बी १२ वाहकाशिवाय झिरपते, तेही शंभरात एक भाग. १५०० चा एक टक्का म्हणजे १५ मायक्रोग्रॅम. मोठा आकडा याच झिरपण्यासाठी आहे. त्यामुळे बिघडलेल्या आतड्यातूनही पुरेसे रक्तात पोहोचते. उरलेले वाया जाते, त्याने अपाय होत नाही.

साधी कमतरता अशा गोळीने भरून निघते. पण मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर बहुतेक डॉक्टर इंजेक्शनने सुरुवात करतात. सर्वसाधारण पद्धत अशी: १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन सुरुवातीला दिवसाआड, मग आठवड्याला एक, पुढे महिन्याला एक. आपल्या बंधूंसाठी हीच वाट योग्य दिसते. मेटफॉर्मिन चालू आहे तोवर महिन्याचे इंजेक्शन किंवा रोजची गोळी चालू ठेवावी लागेल. "कोर्स संपला" म्हणून थांबले की साठा पुन्हा उतरतो.

हिमोग्लोबिन वर यायला सहा ते आठ आठवडे लागतात, मुंग्या जायला कित्येक महिने. मधुमेहानेही तळपायाला मुंग्या येतात, त्यामुळे बी १२ भरल्यावर काही उरल्या तर साखरेकडे अधिक लक्ष द्यावे. इंजेक्शन चालू असताना बी १२ ची तपासणी पुन्हा करण्यात पैसे घालू नयेत, आकडा भरपूरच येणार. तेव्हा हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही पाहावे.

ऊन आहे, पण अंगावर नाही

त्वचेत व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण सकाळी आठच्या आणि संध्याकाळच्या उन्हात फार थोडे असतात. सोपी खूण अशी की, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा ते किरण पुरेसे मिळतात, म्हणजे साधारण अकरा ते तीन. त्या वेळी आपले बंधू वह्यांपुढे असतात. पेढीच्या काचेतून ऊन टेबलावर येते खरे, पण ते किरण काच अडवते. जुम्याला मशिदीत जाता-येताना ऊन लागते ते चेहऱ्याला आणि हातांच्या पंजांना. रंग सावळा असेल तर वेळही अधिक लागतो. आपल्या घरातल्या बायकांचा प्रश्न याहून बिकट असतो. त्यांनी गच्चीवर किंवा आडोशाच्या अंगणात हात-पाय उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चार दिवस वीस-तीस मिनिटे बसावे.

१२ नॅनोग्रॅम हे प्रमाण कमीच आहे, २० च्या खाली कमतरता मानतात. पण इतके खाली गेलेले प्रमाण नुसत्या उन्हाने लवकर भरत नाही. म्हणून ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे आणि मग महिन्याला एक असे देतात. दूध किंवा जेवणासोबत घ्यावी, कारण डी स्निग्ध पदार्थात विरघळते.

बंधूंनी लिहिले आहे की दुकानदाराने काही न सांगितल्याने त्यांनी तीन दिवसांत तीन कॅप्सूल घेतल्या. घाबरू नका. त्या तीन आठवड्यांच्या धरा, चौथी तीन आठवडे उलटल्यावर घ्या आणि डॉक्टरांना सांगा. पण हीच कॅप्सूल रोज महिना-दोन महिने घेतली तर रक्तातले कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि वारंवार लघवी ही त्याची लक्षणे, आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मुतखडा झालेल्यांनी सुरू करण्यापूर्वी कॅल्शियम तपासून घ्यावे. डीची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. डीने अंगदुखी कमी होईल, पण थकवा एकट्या डीने जाईल अशी अपेक्षा धरू नये.

जिलेटिन आणि रमजान

मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. मन साशंक असेल तर उपचार सोडू नका. हेच ६०,००० युनिट दुधात विरघळणाऱ्या पुडीत आणि पिण्याच्या औषधातही मिळतात, दुकानदाराकडे तसे मागा. आतले डी बहुधा मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून काढतात, तर बी १२ जिवाणूंकडून तयार करून घेतात. मसला आपल्या आलिमांना विचारावा. रमजानमध्ये आठवड्याची कॅप्सूल इफ्तारनंतरच्या जेवणासोबत घ्यावी आणि इंजेक्शन तरावीहच्या आधी-नंतर ठेवावे, म्हणजे रोज्याचा प्रश्नच उरत नाही.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन वर आले, तरी थकवा तसाच राहिला तर आणखी जीवनसत्त्वे विकत आणू नका. थायरॉइड तपासा, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी पाहा, आणि रात्री मोठ्याने घोरता का, मध्येच श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा. पुढच्या भेटीला जाताना रिपोर्टसोबत घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. या पत्राचे निम्मे उत्तर त्या पाकिटांवरच सापडले.